प्लेलिस्ट बंद केली, पण व्हिडिओ उघडेच

*ताई, धरमपेठेत माझा गाण्याचा क्लास आहे. दरवर्षीच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ मी क्लासच्या यूट्यूब चॅनलवर टाकते. समूहगीतं पब्लिक असतात. मुलांची एकट्याची गाणी मात्र ‘अनलिस्टेड’ ठेवते, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसावीत. पालकांना सोपं जावं म्हणून सगळे 23 व्हिडिओ एका पब्लिक प्लेलिस्टमध्ये घातले. मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला, “मॅडम, पोरीचं नाव टाकलं की तिचा व्हिडिओ यूट्यूबवर दिसून राहिला. आम्ही तर फक्त पालकांपुरतं हो म्हटलं होतं.” मी घाबरून प्लेलिस्ट लगेच प्रायव्हेट केली. आता झालं ना? आणखी एक कोडं आहे. मला प्लेलिस्टमध्ये 23 व्हिडिओ दिसायचे, पालकांना मात्र 20च. 2015च्या कार्यक्रमातली दोन गाणी तर त्यांना दिसतच नव्हती, आणि ती मी कधीच प्रायव्हेट केलेली नाहीत.*

*— एक संगीत शिक्षिका, नागपूर*

नमस्कार.

नाही, अजून झालेलं नाही. तो व्हिडिओ या क्षणीही उघडा आहे. त्यामुळे पुढचं सगळं वाचायच्या आधी एवढं करा: यूट्यूब स्टुडिओत जा, डावीकडच्या ‘Content’मध्ये त्या मुलीचं गाणं शोधा, त्याच्या ओळीतल्या ‘Visibility’वर टिचकी मारा, ‘Private’ निवडा आणि सेव्ह करा. प्लेलिस्टचं नाही, त्या व्हिडिओचं. मग शांतपणे बसून पुढचं वाचा.

प्लेलिस्ट ही नुसती यादी असते. किराणा दुकानात यादी दिली आणि नंतर फाडून टाकली, तरी दुकानातली डाळ जागच्या जागी असते आणि दुसरा कुणीही ती मागू शकतो. तसंच हे. पब्लिक, अनलिस्टेड, प्रायव्हेट हे तीन पर्याय प्लेलिस्टलाही असतात आणि प्रत्येक व्हिडिओलाही. शब्द तेच असल्यामुळे आपल्याला वाटतं की वरचा बदलला की आतले आपोआप बदलतात. तसं होत नाही. प्लेलिस्टचा पर्याय फक्त ‘ही यादी कोण बघू शकतं’ एवढंच ठरवतो. व्हिडिओ कुणाला लागणार, हे त्या व्हिडिओचा स्वतःचा पर्याय ठरवतो. प्लेलिस्ट प्रायव्हेट केल्याने आतला एकही व्हिडिओ प्रायव्हेट होत नाही. आणि प्लेलिस्ट पब्लिक केली तरी आतला प्रायव्हेट व्हिडिओ परक्याला उघडत नाही.

मग तुम्ही व्हिडिओ अनलिस्टेड ठेवला होता, तरी तो नावाने शोधल्यावर कसा सापडला? इथेच बहुतेकांची गफलत होते, आणि ती समजण्यासारखी आहे. ‘अनलिस्टेड’ म्हणजे ‘फक्त मी ज्यांना लिंक दिली त्यांच्यासाठी’ असं आपण मनात धरतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की चॅनलच्या ‘Videos’ या पानावर तो येणार नाही आणि एरवी शोधातही दिसणार नाही. लिंक हातात पडली की कुणीही तो बघू शकतो, पुढे पाठवू शकतो, त्यासाठी गूगलचं खातंही लागत नाही. आणि यूट्यूबच्या मदतपानावरच एक अट लिहिलेली आहे: अनलिस्टेड व्हिडिओ शोधात येत नाही, *कुणीतरी तो पब्लिक प्लेलिस्टमध्ये घातला नाही तोपर्यंत.* तुम्ही नेमकं तेच केलं होतं. पालकांच्या सोयीसाठी जी यादी केली, तिनेच आडबाजूचे व्हिडिओ रस्त्यावर आणून ठेवले. त्यात शीर्षकात मुलीचं पूर्ण नाव असणार, म्हणजे शोधणाऱ्याला फार कष्टही पडले नसतील.

त्या अटीतला ‘कुणीतरी’ हा शब्द नीट बघा. ते कुणीतरी म्हणजे तुम्हीच असायला हवं असं नाही. अनलिस्टेड व्हिडिओ बघणारा कुणीही तो स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये जमा करू शकतो, आणि त्याची प्लेलिस्ट पब्लिक असली की परिणाम तोच. एखाद्या मुलाच्या आजोबांनी कौतुकाने ‘नातवाचा क्लास’ अशी प्लेलिस्ट करून त्यात सगळ्यांची गाणी ठेवली असतील. त्यांच्या मनात वाईट काहीच नसेल. तुम्हाला मात्र त्याची सूचना येत नाही, आणि तुमची प्लेलिस्ट प्रायव्हेट केल्याने त्यांची काही बंद होत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत ‘अनलिस्टेड’वर फार भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या 23 व्हिडिओंचा हिशेब मांडून बघू. पत्रावरून माझा अंदाज असा: 12 समूहगीतं पब्लिक, 8 एकट्याची गाणी अनलिस्टेड, आणि 3 प्रायव्हेट. त्या तिनातली दोन 2015ची, आणि एक बहुधा तुम्हीच कधीतरी तालमीचा वगैरे व्हिडिओ प्रायव्हेट करून विसरलेला. प्लेलिस्ट पब्लिक होती तेव्हा परक्या माणसाला 12 अधिक 8, म्हणजे 20 दिसत होते. प्रायव्हेट असलेले 3 यूट्यूब परस्पर गाळत होतं. अशा वेळी यादीत ‘Unavailable videos are hidden’ अशी ओळ येते. पालकांनी ती बघितली असेल, पण तिचा अर्थ लावत कोण बसतं?

तुम्ही मालक म्हणून लॉगिन केलेलं असता, त्यामुळे तुम्हाला स्वतःचे प्रायव्हेट व्हिडिओही दिसतात. म्हणून 23. म्हणजे कोड्याचं उत्तर एवढंच की तुम्ही आणि पालक एकच पान बघत नव्हता. स्वतःच्या खात्यातून बघून ‘सगळं ठीक आहे’ किंवा ‘सगळं बंद आहे’ असा निष्कर्ष मालकाने कधीच काढू नये.

आणि तुम्ही प्लेलिस्ट प्रायव्हेट केल्यावर काय झालं? यादी परक्यांना दिसेनाशी झाली, एवढंच. 12 समूहगीतं चॅनलवर आणि शोधात होती तशीच आहेत, ती तुम्हाला हवीच होती. 8 अनलिस्टेड गाणी तुमच्या यादीतून कुणाला सापडणार नाहीत, हा फायदा खरा आहे. पण त्यांच्या लिंका पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पडलेल्या आहेत, तिथून पुढे कुठे गेल्या असतील कोण जाणे, आणि त्या सगळ्या अजून चालू आहेत. नुकसान मात्र ज्यांच्यासाठी यादी केली त्यांचं झालं. पालकांना आता काहीच सापडत नसेल.

2015च्या दोन गाण्यांचं कारण वेगळं आहे, आणि त्यात तुमची चूक नाही. यूट्यूबने अनलिस्टेड व्हिडिओंच्या लिंका अंदाजाने शोधणं अधिक अवघड व्हावं म्हणून 2017मध्ये त्या बनवण्याची पद्धत बदलली. त्याआधीच्या लिंका जुन्या पद्धतीच्या राहिल्या. म्हणून 23 जुलै 2021पासून, 1 जानेवारी 2017च्या आधी चढवलेले अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने आपणहून प्रायव्हेट करून टाकले. मालकाला नको असेल तर तसं आधी कळवायची सोय होती, पण ज्यांनी काही कळवलं नाही त्यांचे व्हिडिओ बदलले. त्यामुळे जुन्या कार्यक्रमांच्या कितीतरी प्लेलिस्टमध्ये अशी भोकं पडलेली आहेत आणि मालकांना ती दिसत नाहीत, कारण त्यांना स्वतःचा व्हिडिओ लागतोच. ती गाणी पालकांना परत दाखवायची असतील तर जुन्या व्हिडिओचा पर्याय बदलण्यापेक्षा मूळ फाईल असल्यास ती नव्याने चढवा. नवी लिंक नव्या पद्धतीची मिळेल. फक्त आधी एकदा विचार करा: 2015ला दहा वर्षांची असलेली ती मुलं आज मोठी झाली आहेत. तेव्हाची परवानगी त्यांच्या आईवडिलांनी दिली होती. आता त्यांनाच विचारायला हवं.

आता त्या 8 गाण्यांचं काय करायचं ते सांगते. मी तुमच्या जागी असते तर आठही आधी प्रायव्हेट केली असती आणि मग एकेका घरी फोन करून ठरवलं असतं. एकदम आठ बदलायला वेळ लागत नाही. ‘Content’मध्ये त्या आठ ओळींपुढच्या चौकोनांत खूण करा, वर पट्टी येईल, तिच्यात ‘Edit’, मग ‘Visibility’, मग ‘Private’, आणि शेवटी ‘Update videos’. हे शेवटचं बटण दाबायचं राहून गेलं तर काहीच बदललेलं नसतं, तेवढं लक्षात ठेवा.

व्हिडिओ प्रायव्हेट झाला की तो तुमच्या आणि इतरांच्याही सगळ्या याद्यांमधून परक्यांसाठी उतरतो. त्या आजोबांच्या प्लेलिस्टमध्ये जागा राहील, पण तिथे मुलीचं नाव किंवा चित्र न दिसता नुसतं ‘Private video’ असं दिसेल, तेही न दिसणारे व्हिडिओ मुद्दाम दाखवायला सांगितलं तर. शोधाच्या निकालात एखादी जुनी ओळ थोडे दिवस रेंगाळू शकते, पण ती उघडली तरी व्हिडिओ लागत नाही. कुणी आधीच फोनवर उतरवून घेतला असेल तर ती प्रत मात्र परत येत नाही. त्या आईला हेही खरं खरं सांगा.

प्रायव्हेट व्हिडिओ ठरावीक लोकांना दाखवता येतो. ‘Visibility’मध्ये ‘Private’ निवडलं की तिथेच ‘Share privately’ दिसतं. त्यात पालकाचा ईमेल पत्ता घाला. तो पालक त्याच गूगल खात्याने लॉगिन करून व्हिडिओची लिंक उघडेल तेव्हाच व्हिडिओ लागेल. लिंक त्याने काकांना पाठवली तर काकांना काही दिसणार नाही. तुम्हाला हवं होतं ते हेच. याच्या अडचणीही खऱ्या आहेत. प्रायव्हेट व्हिडिओखाली कुणाला प्रतिक्रिया लिहिता येत नाही. आणि पालकांच्या फोनमध्ये कोणता ईमेल चालू आहे हे त्यांनाच नीट माहीत नसतं. निम्मे फोन ‘मॅडम, उघडत नाही’ असे येतील. त्या वेळी पहिला प्रश्न हाच विचारा की यूट्यूबमध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबल्यावर कोणता पत्ता दिसतो. नव्वद टक्के वेळा म्हणत नाही, पण बहुतेकदा तिथे मुलाचा किंवा जुन्या फोनचा पत्ता निघतो. आणि अशा पालकांना प्लेलिस्ट पाठवू नका, त्यांच्या मुलाच्या गाण्याची थेट लिंक पाठवा.

ज्या घरांतून “असू द्या हो, आम्हाला चालतं” असं उत्तर येईल, त्यांची गाणी अनलिस्टेड ठेवायला हरकत नाही. पण मग ती समूहगीतांच्या पब्लिक प्लेलिस्टमध्ये घालू नका. त्यांची वेगळी प्लेलिस्ट करा आणि तीही अनलिस्टेड ठेवा. शीर्षकातून पूर्ण नाव काढा, ‘कनिष्ठ गट, राग भूप’ एवढं पुरे. पालक आपलं मूल चेहऱ्यावरून ओळखतात, त्यांना नाव लागत नाही. नाव फक्त परक्या माणसालाच उपयोगी पडतं.

त्या वेगळ्या प्लेलिस्टच्या बाबतीत एक गोष्ट मला स्वतःच्या चुकीतून कळली, ती सांगते. आमच्या घरच्या व्हिडिओंची माझी एक अनलिस्टेड प्लेलिस्ट होती. त्यात भाच्याची मुंज होती आणि बाबांच्या शेवटच्या महिन्यातले तीन-चार छोटे व्हिडिओही होते, अंथरुणावर पडल्या पडल्या भजन गुणगुणतानाचे. ते मी फक्त दोघी बहिणींसाठी ठेवले होते. मुंजीचा व्हिडिओ बघता बघता मी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली लिंक उचलली आणि नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर टाकली. मला वाटलं, एक व्हिडिओ पाठवला. पाठवली होती ती सगळी प्लेलिस्ट. मुंज संपल्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, आणि बाबांना बरं असतानाच शेवटचं बघितलेल्या माझ्या मावशीने ते सगळं असं अचानक बघितलं. तिने फोन केला तेव्हा तिला धड बोलवत नव्हतं.

ती लिंक अशी दिसते:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&list=PLAYLIST_ID
```

`v=` नंतरची 11 अक्षरं व्हिडिओची. `&list=` पासून पुढचं सगळं प्लेलिस्टचं, बहुधा `PL`ने सुरू होणारं. प्लेलिस्टमधून एखादा व्हिडिओ लावलात की ही शेपटी पट्टीत आपोआप लागते, कधी मागे `&index=3` असंही असतं. एकच व्हिडिओ पाठवायचा असेल तर `&list=` पासून पुढचं सगळं पुसून टाका आणि मगच पाठवा. प्लेलिस्ट प्रायव्हेट असेल तर या शेपटीने यादी उघडत नाही, पण अनलिस्टेड असेल तर पूर्ण उघडते. तुमच्या ग्रुपमध्ये आजवर गेलेल्या लिंका वर सरकवून एकदा बघा. किती लिंकांना शेपटी आहे ते मोजलंत तर कुणाच्या हातात काय गेलंय याचा अंदाज येईल.

शेवटी एक धोका, जो सहा महिन्यांनी समोर येतो. आज घाबरून प्रायव्हेट केलेला व्हिडिओ पुढे कधीतरी, वातावरण निवळल्यावर, आपण पुन्हा अनलिस्टेड करतो. त्या व्हिडिओची लिंक मधल्या काळात बदललेली नसते. म्हणजे व्हॉट्सॲपमधल्या जुन्या लिंका, त्या आजोबांची प्लेलिस्ट, सगळं त्याच क्षणी पुन्हा जिवंत होतं. म्हणून ज्या गाण्याबद्दल तक्रार आली ते परत उघडू नका. त्या आईने पुढे होकार दिलाच, तर जुना व्हिडिओ काढून टाका आणि तीच फाईल नाव न घालता नव्याने चढवा. नव्या व्हिडिओची लिंक नवी असते, जुन्या कुठल्याच यादीत ती नसते.

आणि आजच, व्हिडिओ प्रायव्हेट केल्यावर, त्या आईला फोन करा. “मी केलं, आता दिसणार नाही” एवढ्यावर थांबू नका. तिच्याच फोनवर क्रोमचा गुप्त टॅब उघडायला सांगा, तो उजवीकडच्या तीन टिंबांत ‘New Incognito tab’ म्हणून असतो. त्यात लॉगिन न करता यूट्यूब उघडून तिला मुलीचं नाव टाकू द्या, आणि मग तिला मिळालेली जुनी लिंकही तिथेच उघडू द्या. फोन चालूच ठेवा, आणि स्क्रीनवर काय आलं ते तिला वाचून दाखवू द्या.